यातलं आधी काय कराल?

एम्सची नॉरसेट असो किंवा अमेरिकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी एनक्लेक्स, परिचारिकांच्या परीक्षेत एक प्रश्न मुलींना फार छळतो. त्यात चारही पर्याय करण्याजोगे असतात आणि त्यातलं आधी काय कराल, एवढंच विचारलेलं असतं.

एक प्रसंग घेऊ. पोटाचं ऑपरेशन होऊन रुग्ण नुकताच वॉर्डात आलाय. भुलीची गुंगी उतरलेली नाही. तो उताणा पडून मोठ्याने घोरतोय. बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८८ टक्के दिसतोय आणि पट्टीवर रक्ताचा लहानसा डाग आहे. पर्याय असे: ऑक्सिजनचा मास्क लावणे, हनुवटी उचलून डोकं मागे करणे, रक्तदाब मोजणे, डॉक्टरांना कळवणे.

बहुतेक जणी मास्क निवडतात, कारण ८८ हा आकडा डोळ्यांत भरतो. पण या प्रश्नाची खरी खूण घोरण्यात आहे. गुंगीत जिभेचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे घशात जाते आणि हवेची वाट अर्धीअधिक अडते. वाटच अडलेली असताना मास्कमधला ऑक्सिजन फुफ्फुसापर्यंत पुरेसा पोचणार कसा? म्हणून आधी हनुवटी उचलायची. घोरणं थांबलं, छाती नीट वरखाली होऊ लागली, की वाट मोकळी झाल्याचं कळतं. मग मास्क, मग नाडी, रक्तदाब आणि पट्टी. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम असा लागतो, कारण आधीची पायरी अडली तर पुढचीचा उपयोग होत नाही. प्रश्नात घोरण्याऐवजी घशातली घरघर दिली असेल, तर तिथे स्राव साचलाय. तो सक्शनने काढायचा. अपघातातल्या रुग्णाच्या मानेला इजा झाल्याची शंका असेल, तर मान न हलवता फक्त जबडा पुढे ढकलायचा.

हा क्रम डोळे मिटून लावणाऱ्यांची फसगत होते ती रक्त चढवण्याच्या प्रश्नात. पिशवी सुरू झाल्यावर थोड्याच वेळात रुग्णाला हुडहुडी भरते, कंबर दुखू लागते, धाप लागते. धाप म्हणजे श्वास, म्हणून ऑक्सिजन आधी, असं वाटतं. पण त्रासाचं मूळ त्या नळीतून थेंबाथेंबाने आत जातच आहे. पहिली कृती एकच, रक्त थांबवणे. त्यानंतर नवी नळी जोडून सलाईनने शीर चालू ठेवायची, श्वास आणि नाडी पाहायची, लागेल तसा ऑक्सिजन द्यायचा, डॉक्टरांना बोलवायचं. जुनी नळी तशीच ठेवली तर तिच्यात उरलेलं रक्त सलाईनबरोबर पुन्हा अंगात जातं. पिशवी मात्र फेकायची नाही. ती नळीसकट रक्तपेढीकडे तपासणीला जाते.