‘अमर्याद’च्या पुढची ओळ

ऑगस्ट 2006 मध्ये तापीचे पाणी सुरतेत शिरले, तेव्हा माझ्या शिकवणीच्या वह्यांची एक पेटी भिजली. वाळवून ठेवलेल्या त्या वह्या मी या उन्हाळ्यात पुन्हा उघडल्या. शाई पसरली आहे, पण वाचता येते. लिनिअर प्रोग्रॅमिंगची गणिते चाळताना एक गोष्ट खटकली. जिथे जिथे उत्तर सांत येत नव्हते, तिथे मी स्वतःच्या हाताने फळ्यावर लिहावे तसे लिहिले आहे : ‘उकल अमर्याद’. खाली दुहेरी रेघ, आणि पुढचे गणित.

नंदुरबारहून सुरत-भुसावळ लाइनने मी 1992 मध्ये उधन्याला उतरलो. संध्याकाळी शिकवणीला येणारी मुले निम्मी खानदेशी, निम्मी गुजराती. बरीचशी दिवसा कुणाच्या तरी लूमवर नाहीतर रिंग रोडच्या मार्केटमध्ये पेढीवर. अशी मुले उदाहरणही पेढीचेच मागत. एकाने घडवलेले एक गणित मी पुढे कितीतरी वर्षे वापरले, कारण आकडे सुटसुटीत येतात.

व्यापाऱ्याला ड्रेस मटेरियलचे x गठ्ठे आणि साड्यांचे y गठ्ठे भरायचे आहेत. मिळून निदान 10 गठ्ठे हवेत, नाहीतर प्रोसेस हाउस काम घेत नाही. बाहेरगावचे गिऱ्हाईक मिसळ माल मागते : ड्रेसच्या एका गठ्ठ्यामागे साडीचे फार तर दोन गठ्ठे खपतात, शिवाय साडीची एक सुटी ऑर्डर हातात आहे. उलट बाजूने, साडीच्या एका गठ्ठ्यामागे ड्रेसचे फार तर तीन, आणि ड्रेसच्या सुट्या ऑर्डरी दोन. म्हणजे अटी तीन :

```
x + y >= 10
y <= 2x + 1
x <= 3y + 2
```

कागदावर रेषा काढल्या की खाली दोन कोपरे दिसतात, (3, 7) आणि (8, 2). वरच्या बाजूला मात्र शक्य उकलींचा प्रदेश उघडाच राहतो. जितके भांडवल, जितके गिऱ्हाईक, तितका माल भरा. अटी अडवत नाहीत. बंदिस्त प्रदेश असता तर कोपरे सांगून काम भागले असते, कारण बाकीचा प्रत्येक बिंदू त्या कोपऱ्यांचे मिश्रण असतो. इथे दोन कोपऱ्यांच्या मिश्रणातून फक्त त्यांना जोडणारा रेषाखंड मिळतो. उरलेला सगळा प्रदेश कुठून आणायचा?

तिन्ही अटींच्या उजवीकडचे सुटे आकडे शून्य करा. 10 गेले, 1 गेला, 2 गेले. उरते ते एवढेच, की चालताना साडी ड्रेसच्या दुपटीहून जास्त वाढू नये आणि ड्रेस साडीच्या तिपटीहून जास्त वाढू नये. हा दिशांचा शंकू. त्याच्या दोन कडा आहेत : (1, 2) आणि (3, 1). पहिली म्हणजे ‘ड्रेसचा एक, साडीचे दोन’, दुसरी ‘ड्रेसचे तीन, साडीचा एक’. यांना टोकाचे किरण म्हणायचे, कारण दुसऱ्या वेगळ्या दिशांची बेरीज करून त्या बनत नाहीत. (4, 3) ही दिशाही चालण्याजोगी आहे, पण ती या दोन किरणांची साधी बेरीज आहे, म्हणून यादीत तिला जागा नाही.

आता सारा प्रदेश चार ओळींत मावतो : दोन शिरोबिंदू, दोन किरण. (14, 14) घ्या. (3, 7) पासून निघून पहिल्या किरणावर दोन पावले आणि दुसऱ्यावर तीन पावले टाकली की तिथे पोहोचतो. (8, 2) पासून निघालो तर पहिल्याच किरणावर सहा पावले पुरतात. वाट एकच नसते, पण कोपऱ्यावरून किंवा दोन कोपऱ्यांमधल्या रेषाखंडावरून निघालो तर प्रत्येक बिंदूला निदान एक वाट असते. पेढीवरच्या मुलांना हे लवकर कळे. कमीत कमी माल आणि त्यावर चढवायचे पार्सल, हा हिशेब ती रोजच करत. अर्थात अर्धे पार्सल कुणी भरत नाही. (20, 20) ला (3, 7) पासून जायचे तर 4.4 आणि 4.2 पावले लागतात. पावलांवर पूर्णांकाचे बंधन नाही, हे मी सांगायला विसरत असे आणि मुले हमखास तिथे अडत.

ही मांडणी जुनी आहे. मिंकोव्स्कीने 1896 च्या आपल्या ग्रंथात अटींकडून किरणांकडे जाणारी बाजू मांडली. उलट बाजू, म्हणजे मोजक्या दिशांनी बनलेला शंकू मोजक्या अटींनीही सांगता येतो, ती हेर्मान वाइलने 1935 मध्ये सिद्ध केली. दुसऱ्याच वर्षी मोत्स्किनच्या प्रबंधात शंकूऐवजी सरळ आपल्यासारखा प्रदेश आला : कोपऱ्यांचे मिश्रण अधिक दिशांचा शंकू. तोवर डॅन्टझिगची सिम्प्लेक्स पद्धत यायची होती. ती 1947 मधली. गंमत अशी, की सिद्धांत आधी हातात असूनही आम्ही शिकलो आणि शिकवले ते सिम्प्लेक्सचे तक्ते, आणि तक्त्यात किरण समोर दिसत असताना त्यावर रेघ मारली.

तो कुठे दिसतो ते सांगतो. समजा ड्रेसच्या गठ्ठ्यामागे 3 हजारांचा खर्च पडतो आणि साडीच्या गठ्ठ्यामागे 2 हजार सुटतात. खर्च कमीत कमी करायचा आहे. (3, 7) या कोपऱ्यावर तक्ता मांडला की पहिल्या अटीच्या जादा चलाला आत घ्यावेसे वाटते. त्याच्या स्तंभात आकडे येतात -1/3, -2/3 आणि -5/3. एकही धन नाही, त्यामुळे गुणोत्तराची कसोटी लावायला भाजकच नाही. पुस्तक म्हणते, थांबा, अमर्याद. मुले म्हणत, “साहेब, आनो जवाब ज नथी.” पण त्याच स्तंभाची चिन्हे उलटी करून तीनने गुणा : x साठी 1, y साठी 2. हा आपला किरण! उत्तर नाही म्हणून आपण वही मिटतो, तेव्हा उत्तराचा निम्मा भाग स्तंभात लिहिलेला असतो.

किरण हाती आला की खर्चाचा निकाल लावायला दोन गुणाकार पुरतात. (1, 2) वर प्रत्येक पावलाला 3 वजा 4, म्हणजे उणे 1. खर्च पावलागणिक घटत जातो, तळ नाही. (3, 1) वर 9 वजा 2, म्हणजे अधिक 7. तिकडे भीती नाही. साडीमागे 2 ऐवजी 1 हजारच सुटले असते, तर दोन्ही किरणांवर खर्च चढता राहिला असता आणि उत्तर निमूटपणे (3, 7) वर येऊन बसले असते. प्रदेश अमर्याद असणे आणि उत्तर अमर्याद असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या 1998 च्या वहीत मी त्या एकच समजून एक गणित सोडून दिलेले आहे. वाचताना लाज वाटली.

पेढीवर अमर्याद नफा कुणाला मिळत नाही, तेव्हा असे उत्तर आले म्हणजे मांडणीत एखादी अट राहून गेली आहे. कोणती, ते शोधायला किरणच उपयोगी पडतो : जी अट (1, 2) या दिशेने चालताना कधीतरी मोडेल, तीच कामाची. ‘साडीचे निदान पाच गठ्ठे’ अशी अट कितीही खरी असली तरी या दिशेवर ती कधीच मोडत नाही, म्हणून ती घालूनही उत्तर अमर्यादच राहते. साडी ड्रेसपेक्षा 20 गठ्ठ्यांहून जास्त भरता येणार नाही, एवढी एक अट घाला. (1, 2) हा किरण नाहीसा होतो, त्याच्या जागी (1, 1) येतो आणि (19, 39) हा नवा कोपरा उभा राहतो. (1, 1) वर खर्च 3 वजा 2, म्हणजे चढता. नव्या कोपऱ्यावर 57 वजा 78, म्हणजे 21 हजारांची निव्वळ मिळकत. प्रदेश अजूनही वर उघडाच आहे, पण उत्तर सापडले.

किरणांची यादी हाताने काढणे दोन चलांत सोपे, पुढे नाही. मोत्स्किन, रायफा, थॉम्पसन आणि थ्रॉल यांनी 1953 मध्ये एकेक अट घालत कोपरे-किरण दुरुस्त करत जाण्याची पद्धत दिली. कोमेई फुकुदांचा cdd त्याच वाटेने जातो. डेव्हिड अॅव्हिस यांचा lrs वेगळ्या वाटेने, कोपऱ्यांमागून कोपरे हुडकत. दोघांनाही आपले गणित असे देतात :

```
H-representation
begin
3 3 rational
-10 1 1
1 2 -1
2 -1 3
end
```

उत्तरातल्या ओळी अशा येतात, क्रम मागेपुढे होऊ शकतो :

```
1 3 7
1 8 2
0 1 2
0 3 1
```

पहिला आकडा 1 असेल तर तो शिरोबिंदू, 0 असेल तर किरण. हे मी पहिल्यांदा पडद्यावर पाहिले तेव्हा वाटले, चाळीस मिनिटांचा माझा तास या एका शून्यात होता.

दोन ठिकाणी जपावे लागते. एक, प्रदेशात पूर्ण सरळ रेषाच मावत असेल तर त्याला कोपराच नसतो. x + y हे 2 आणि 5 च्या मध्ये असावे, एवढीच अट असेल तर (1, -1) च्या दिशेने दोन्हीकडे हवे तितके जाता येते. एखादी दिशा आणि तिची उलट, दोन्ही शंकूत सापडल्या की समजावे, शिरोबिंदू शोधण्यात अर्थ नाही. दोन, यादी फुगते. वीस चलांच्या घनाला अटी अवघ्या 40, पण कोपरे 10,48,576. म्हणून मोठ्या कामांत कुणी पूर्ण यादी काढत नाही. डॅन्टझिग आणि वुल्फ यांनी 1960 मध्ये आणि बेंडर्सने 1962 मध्ये मोठे गणित तोडून सोडवण्याच्या पद्धती दिल्या. त्यांत तुकडा अमर्याद निघाला की त्याचा किरण उचलून मुख्य गणिताला देतात, एका वेळी एकच. डॅन्टझिग-वुल्फमध्ये तो नवा स्तंभ होतो, बेंडर्सकडे नवी अट. आम्ही जिथे दुहेरी रेघ ओढत होतो, तिथून त्यांचे पुढचे पाऊल पडत होते.

आपल्या माणसाचे नाव या इतिहासात येते ते 1984 मध्ये. आय. आय. टी. मुंबईत शिकलेल्या नरेंद्र करमरकरांनी बेल लॅब्जमध्ये असताना प्रदेशाच्या पोटातून जाणारी पद्धत दिली आणि कोपऱ्या-कोपऱ्यांनी फिरण्याची मक्तेदारी संपली. मात्र त्या पद्धतीला मूळ मांडणीत बंदिस्त प्रदेश लागतो. पुढच्या दहा वर्षांत ये, टॉड आणि मिझुनो यांनी तिच्या वंशातली अशी मांडणी दिली, की उत्तर नसेल तर पुरावा म्हणून दिशा हाती येते. ती सहसा टोकाची नसते, शंकूच्या पोटातली असते. टोक हवे असेल तर सिम्प्लेक्सकडे परत यावे लागते.

यंदा शिकवणीत मी नियम बदलला आहे. ‘अमर्याद’ एवढेच लिहिणाऱ्याला निम्मे गुण. दिशा लिहून तिच्यावर खर्च किती घटतो ते दाखवील त्याला पूर्ण. पेपर तपासणाऱ्या इतरांनीही हे एक वर्ष करून पाहावे, ही विनंती.