शून्यापर्यंतची उतरंड

गणित ऑलिंपियाडच्या राष्ट्रीय फेरीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मला दोन निरोप लिहायचे होते. ती निवडली गेली होती, तो थोडक्यात राहिला होता. दोघंही तीन वर्षं माझ्याकडे एकाच फळ्यासमोर बसलेली. मी दोन्ही निरोप लिहायला घेतले आणि खोडले. शेवटी दोघांना एकच पाठवला, आणि त्यात फक्त एका जुन्या गणिताबद्दल लिहिलं.

ते गणित १९८८ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमधलं, सहावं. दोन धन पूर्णांक घ्या. त्यांच्या वर्गांच्या बेरजेला त्यांच्या गुणाकार अधिक एकने भागा. भाग नि:शेष गेला, तर भागाकार पूर्ण वर्गच असतो, हे सिद्ध करा. २ आणि ८ घेऊन पाहू. वर्गांची बेरीज ६८, गुणाकार अधिक एक १७, भागाकार ४. ८ आणि ३० घेतले तर ९६४ भागिले २४१, पुन्हा ४. इथवर कुणीही येईल. पण ऑलिंपियाडमध्ये गुण उदाहरणांना नसतात, सिद्धतेला असतात. रोज साडेचार तास, तीन गणितं, असे दोन दिवस. प्रत्येक गणिताला ७ गुण.

युक्ती दहावीच्या पुस्तकातलीच आहे. भागाकार आणि धाकटी संख्या तशीच ठेवली, तर थोरल्या संख्येसाठी वर्गसमीकरण तयार होतं. त्याच्या दोन मुळांची बेरीज म्हणजे भागाकार गुणिले धाकटी संख्या. एक मूळ आपल्या हातात आहेच, म्हणून दुसरं लगेच मिळतं. ३० आणि ८ च्या जोडीत ३० च्या जागी येतात ४ गुणिले ८ वजा ३०, म्हणजे २. आता जोडी ८ आणि २. तीच क्रिया पुन्हा केली की ८ च्या जागी ४ गुणिले २ वजा ८, म्हणजे शून्य. शून्याला भाजकात फक्त १ उरतो, म्हणून भागाकार उरलेल्या संख्येचा वर्ग होतो. सुरुवात कुठूनही करा, प्रत्येक पायरीला संख्या लहान होत जाते, आणि धन पूर्णांकांची उतरंड अनंत चालू शकत नाही.

पण उतरताना शून्याला ओलांडून आपण ऋण संख्येत गेलो तर? ही शंका जो लिहून मिटवत नाही, त्याची सिद्धता अपुरी राहते. उत्तर एका ओळीचं आहे. एक संख्या ऋण आणि दुसरी धन असेल, तर गुणाकार अधिक एक शून्य किंवा ऋण होतो. मग धन भागाकाराने गुणूनही वर्गांची बेरीज धन येणार नाही, आणि ती तर धनच असते. माझ्या विद्यार्थ्याला ही क्रिया वर्गात सगळ्यांच्या आधी सुचली होती. वहीत मात्र त्याने ही ओळ लिहिली नव्हती. तिने लिहिली होती. राष्ट्रीय फेरीत त्याचे गुण नेमके कुठे गेले ते मला माहीत नाही, पण त्याच्या लिहिण्यातली ही सवय मी ओळखतो, आणि ती मोडता येते. म्हणून निरोपात त्याला लिहिलं, ‘तुला सुचत नाही असं मनात आणू नकोस. तुझं सुचलेलं कागदावर पुरतं उतरत नाही. राष्ट्रीय फेरीतली तुझी सहाही उत्तरं आठवून पुन्हा लिही, आणि जिथे तू “हे उघड आहे” म्हणतोस तिथे थांब.’

तिला लिहिलं, ‘१९८८ चं हे गणित २६८ स्पर्धकांपैकी फक्त ११ जणांनी पूर्ण सोडवलं. टेरेन्स ताओला त्यात ७ पैकी १ गुण मिळाला, आणि त्याच वर्षी तेराव्या वर्षी सुवर्णपदकही मिळालं. पुढे २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक मिळालं. तेव्हा पदक मिळालं म्हणून न सुटलेलं गणित सुटलं असं समजू नकोस. न जमलेलं जे आहे ते आधी बाहेर काढ.’

पदकाची रेषा किती बारीक असते, हेही दोघांना सांगायचं होतं. २०२४ च्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये ४२ पैकी १६ गुणांना कांस्य होतं आणि १५ ला नव्हतं. त्या वर्षी भारत चौथा आला. चार सुवर्ण, एक रौप्य, आणि सहाव्या सदस्याला उल्लेखनीय कामगिरीचं प्रमाणपत्र. पदक हुकलेल्याने एखादं गणित ७ पैकी ७ सोडवलं असेल, तर ते मिळतं. पूर्ण सुटलेल्या एका गणिताची अशी वेगळी नोंद ठेवणारी ही पद्धत मला फार मोलाची वाटते.

निरोपाच्या शेवटी मी दोघांना मिळून एक गणित दिलं. आता गुणाकारात एक मिळवण्याऐवजी वजा करा. १ आणि २ घेतले तर भागाकार ५. १ आणि ३ घेतले तरी ५. २ आणि ९ घेतले तर ८५ भागिले १७, पुन्हा ५. इथे उतरंड शून्यापर्यंत पोचत नाही. मग ती थांबते कुठे?

रात्री साडेदहाला त्याचं उत्तर आलं. दोन पानं होती, आणि ऋण संख्येची ओळ पहिल्याच पानावर होती.