विक्री दिसते, खरेदी दाखवावी लागते

समजा, मार्च २०२१मध्ये तुम्ही एका कंपनीचे २०० शेअर ४०० रुपयांना घेतले. डिसेंबर २०२४मध्ये तिचेच आणखी २०० घेतले, ९०० रुपयांना. जून २०२५मध्ये त्यातले २०० विकले, १,००० रुपयांना. मनात हिशेब नुकत्याच घेतलेल्या शेअरांचा असतो: शेअरमागे शंभर, म्हणजे नफा २०,०००. पण डीमॅट खात्यात जे आधी आले तेच आधी गेले असं धरतात. विकले गेले २०२१चे शेअर आणि नफा झाला १,२०,००० रुपये.

घाबरू नका, इथे हे फायद्याचंच आहे. बाजारात नोंदलेला शेअर बारा महिन्यांहून जास्त ठेवला, की नफा दीर्घकालीन होतो. वर्षभरातल्या अशा नफ्यापैकी पहिल्या सव्वा लाखावर कर नाही, त्यापुढे साडेबारा टक्के. दुसरा काही दीर्घकालीन नफा नसेल तर इथे कर शून्य. तेच २०,००० अल्पकालीन असते तर २० टक्क्यांनी ४,००० रुपये गेले असते. हे दर २३ जुलै २०२४पासूनचे, उपकर वेगळा.

आता खात्यात उरलेत ते ९०० रुपयांचे शेअर. ते जुनेच समजून ऑक्टोबर २०२५मध्ये विकले, तर नफा अल्पकालीन ठरेल. म्हणून किमतीइतकीच तारीख जपायला हवी. ब्रोकर बदलून शेअर नव्या खात्यात आणले, की खरेदीची किंमत बऱ्याचदा सोबत येत नाही. तो रकाना रिकामा किंवा शून्य दिसतो. वडिलांकडून वारशाने आलेल्या शेअरांना त्यांचीच खरेदी किंमत आणि तारीख लागू होते, तेव्हा त्यांच्या जुन्या कॉन्ट्रॅक्ट नोट रद्दीत जाऊ देऊ नयेत.

क्रिप्टोचा नियम फार कडक आहे, आणि मला तो एका बाबतीत अन्यायकारक वाटतो. एका नाण्यात ५०,००० मिळाले, दुसऱ्यात ४०,००० बुडाले, तर हातात उरतात १०,०००. कर मात्र पूर्ण ५०,०००वर ३० टक्के, म्हणजे १५,००० रुपये. तोटा वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. शेअरमधला तोटा मात्र विवरणपत्र मुदतीत भरलं तर आठ वर्षं पुढे नेता येतो.

क्रिप्टोत नफ्यातून वजा होते ती फक्त खरेदी किंमत. विक्रीच्या पूर्ण रकमेवर साधारणपणे एक टक्का टीडीएस कापला जातो, त्यामुळे विक्री आयकर खात्याला दिसते. खरेदी तुम्हालाच दाखवावी लागते. ती सिद्ध झाली नाही, तर आलेली सगळी रक्कम नफा धरली जाण्याचा धोका असतो. एक नाणं देऊन दुसरं घेतलं, तरी ती विक्रीच. रुपये हातात आले नसले तरी त्या दिवसाचा रुपयांतला भाव लिहून ठेवावा लागतो. एक्स्चेंज बंद पडलं की तिथला सारा इतिहास हाती लागेनासा होतो, म्हणून व्यवहारांची फाइल दर तीन महिन्यांनी उतरवून घ्या आणि नाणी कोणत्या वॉलेटमधून कुठे गेली तेही त्याच फाइलमध्ये नोंदवा.