फोटोतले पाणी कुठल्या गावचे?

हातपंप, विहीर, बारव किंवा रस्त्याकडेची पाण्याची टाकी यांचे रूप मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: पाणी किती खोल आहे आणि ते कोणत्या मातीत किंवा खडकात आहे. घरावरचा पत्रा, अंगणातली मोटरसायकल, अंगावरचे कपडे आता देशभर सारखेच दिसू लागले आहेत. जमिनीखालचा खडक मात्र जिथल्या तिथे आहे. म्हणून अनोळखी खेड्याचा फोटो समोर आला आणि तो कुठला हे कळत नसेल, तर आधी पाणी भरण्याची जागा शोधावी.

हातपंपांची ढोबळमानाने दोन घराणी आहेत. पहिले गाळाच्या मैदानातले. बिहार, पश्चिम बंगाल, आसामचा सखल भाग आणि शेजारचा बांगलादेश इथे नद्यांनी आणलेल्या मऊ गाळात पाणी अगदी वर असते. तिथला घरगुती पंप बिडाचा, बुटका आणि बारीक अंगाचा असतो. त्याचा दांडा वळणदार असतो आणि जमिनीतून वर आलेल्या नळीवरच तो बसवलेला असतो. बिहारमध्ये त्याला चापाकल म्हणतात. त्याचा दट्ट्या जमिनीच्या वर, त्या बिडाच्या पोटातच असतो, म्हणजे पंप पाणी वरून ओढून घेतो. हवेच्या दाबाने पाणी फार तर १० मीटर चढते, आणि प्रत्यक्षात पातळी सुमारे ७ मीटरच्या खाली गेली की हा पंप कोरडा वाजू लागतो. त्यामुळे असा पंप फोटोत भरभरून वाहताना दिसला, तर पायाखाली ७ मीटरच्या आत पाणी आहे हे नक्की समजावे. मऊ गाळात नळी हातानेही उतरवता येते. त्यामुळे एकेका घराचा आपला पंप असतो, आणि एकाच फोटोत दोनतीन अंगणांत दोनतीन पंप दिसतात.

दुसरे घराणे कठीण खडकाचे. दख्खनच्या काळ्या खडकात पाणी भेगांमध्ये साठते आणि उन्हाळ्यात ते खोल जाते. ते वरून ओढता येत नाही, तर दट्ट्या सळ्यांना लटकवून बोअरमध्ये खाली पाण्यापर्यंत सोडावा लागतो. मार्क टू या नावाने ओळखला जाणारा पंप हे काम करतो. लोखंडी पत्र्याचे चौकोनी डोके, त्यातून निघालेला सरळ लांब दांडा, खाली जाड नळकांडे, तीन पायांची बैठक आणि भोवती सिमेंटचा ओटा ही त्याची ओळख. दांड्याचे टोक डोक्याच्या आत एका साखळीला जोडलेले असते आणि ती साखळी सळ्या वर खेचते. या पंपाच्या मुळाशी मराठी मुलूख आहे. त्याआधी खेड्यांत बसवलेले बिडाचे पंप एका कुटुंबासाठी बनलेले होते. सगळे गाव दिवसभर त्यावर पाणी भरू लागले की ते मोडत. जालना आणि सोलापूर इथे मिशनरी संस्थांच्या कामातून जास्त दणकट पंप तयार झाले. १९७०च्या दशकात केंद्र सरकार आणि युनिसेफ यांच्या पुढाकाराने सोलापूरच्या पंपाचा आधार घेऊन मार्क टू घडला.

या यशामुळेच फोटो ओळखणाऱ्याची पंचाईत होते. मार्क टू पुढे उत्तर प्रदेश आणि बिहारच्या मैदानांतही सरकारी पंप म्हणून गेला आणि आफ्रिकेतल्या अनेक देशांतही पोहोचला. म्हणून बिडाचा घरगुती पंप हा पुरावा मानता येतो, मार्क टू हा नुसता संशय. संशयाची खात्री करायला पंपापेक्षा त्याच्या ओट्याकडे बघावे. बंगाल आणि आसामच्या पाण्यात लोह बरेच असते, आणि ओटा, नाली, कधी बादलीसुद्धा नारिंगी-तपकिरी होते. दख्खनच्या जड पाण्याने पांढरट क्षाराचा थर धरतो. बांगलादेशात पाण्यातले आर्सेनिक तपासून पंपांची तोंडे रंगवण्यात आली: लाल म्हणजे पिऊ नये, हिरवा म्हणजे चालेल. तिथली मर्यादा लिटरला ५० मायक्रोग्रॅम आहे. बुटक्या बिडाच्या पंपावर हा लाल किंवा हिरवा पट्टा दिसला, तर बंगालच्या त्रिभुज प्रदेशाखेरीज फारसे कुठे बघायला नको.

विहिरी पंपांपेक्षा जास्त बोलतात, कारण विहिरीत खडक उघडा पडलेला असतो. देशावरची शेतातली विहीर रुंद असते, पाचदहा मीटर व्यासाची. काळा खडक पाणी फार साठवत नाही. रुंद खड्ड्यात रात्रभर झिरपलेले पाणी जमते आणि सकाळी उपसता येते, म्हणून ही रुंदी. वरचा मुरमाचा भाग दगडाने किंवा सिमेंटच्या कड्याने बांधलेला असतो, आणि त्याखाली उघडा काळा कातळ. काठाजवळ खोदताना निघालेल्या दगडांचा ढीग वर्षानुवर्षे पडून असतो. जुन्या विहिरीच्या एका बाजूला आत झुकलेले दगड, मोटेचे पाणी ओतायचे थारोळे आणि बैलांसाठी उतरती धाव दिसते. मोट बंद पडून दोनतीन पिढ्या झाल्या, तरी धावेचा उतार शेतात ओळखू येतो. गावातल्या घरांचा अरुंद आड हा वेगळा प्रकार. तो पिण्यासाठी असतो, त्याला रहाट असतो आणि त्याच्या काठाला दोरीने पडलेल्या खाचा असतात.

घाट उतरले की दगड बदलतो. कोकणात आणि गोव्यात विहीर जांभ्या चिऱ्याची, तांबूस-तपकिरी, बहुधा माडापोफळींच्या सावलीत. केरळातही जांभा आहे, पण तिथली सर्वसाधारण विहीर प्रत्येक घराच्या परसात असते. तिला कमरेइतका गोल कठडा, दोन खांब, त्यांवर कप्पी आणि पाचोळा पडू नये म्हणून वर जाळी. जाळी हा खेडवळ तपशील वाटतो, पण कोकण आणि केरळ यांच्यात गोंधळ होतो तेव्हा तीच उपयोगी पडते.

राजस्थानात विहीर लांबून दिसावी अशीच बांधली आहे. शेखावाटीत उंच चौथऱ्यावर विहीर आणि चार कोपऱ्यांना मिनारासारखे चार उंच खांब असतात. सपाट वाळूत तहानलेल्या वाटसरूला पाणी कुठे आहे हे त्यावरून समजे. त्याहून पश्चिमेला थरच्या वाळवंटात जमिनीतले पाणी बरेचदा खारे निघते, म्हणून तिथे टांके असतात. बशीसारख्या उतरत्या, घोटून गुळगुळीत केलेल्या अंगणाच्या मधोमध चुन्याची किंवा सिमेंटची बुटकी गोल टाकी, वर झाकण आणि खालच्या कडेला पाणी आत जाण्याची जाळीदार भोके. ते अंगण पावसाचे पाणी गोळा करते. रस्त्याकडेला हा प्रकार पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो समाधीचा चौथरा वाटतो.

पायऱ्यांच्या विहिरींत गुजरातची वाव आणि महाराष्ट्राची बारव यांतला फरक सर्वांत ठळक. वाव म्हणजे लांब, सरळ, खाली उतरत जाणारा रस्ता. अडालजची १४९९ सालची वाव पाच मजले खाली जाते. त्या रस्त्यावर ठरावीक अंतराने खांबांचे मंडप असतात, आणि ते नुसते शोभेचे नाहीत. गाळाच्या, वालुकामय जमिनीत दोन्ही बाजूंच्या भिंती आत ढासळू नयेत म्हणून ते दोन भिंतींमध्ये टेकू देतात. दगड पिवळसर वालुकाश्म, कोरीव कामाने भरलेला. बारवेला या टेकूची गरज फार पडली नाही, कारण भोवतीचा खडकच घट्ट. म्हणून ती आटोपशीर, बहुधा चौकोनी आणि काळ्या दगडाची. आतल्या भिंतीत देवतेसाठी कोनाडे असतात. शिल्पग्रंथांत प्रवेशांच्या संख्येवरून नंदा, भद्रा, जया आणि विजया अशी एक ते चार वाटांच्या विहिरींची नावे आहेत. साताऱ्याजवळ लिंब इथली बारा मोटेची विहीर या नमुन्यात बसत नाही. शाहू महाराजांच्या काळातली ती अष्टकोनी आहे आणि पायऱ्यांसोबत मोटा चालवण्याच्या जागाही तिच्यात आहेत. राजस्थानातल्या आभानेरीच्या चांद बावडीसारखी, चौकोनाच्या तीन बाजूंनी त्रिकोणी पायऱ्यांची नक्षी असलेली विहीर महाराष्ट्रात शोधू नये. दुसरीकडे, काळी बारव दिसली म्हणजे महाराष्ट्रच असेही नाही. त्या घडणीच्या विहिरी उत्तर कर्नाटकातही आहेत.

रस्त्याकडेच्या टाक्यांत बांधणीपेक्षा त्यांच्या भोवतीचे सामान जास्त सांगते. खांबांवरची काँक्रीटची टाकी सगळीकडे सारखीच. घराच्या गच्चीवर विमानाच्या किंवा फुटबॉलच्या आकाराची पाण्याची टाकी असेल तर पंजाब. हातपंपाशेजारी लोखंडी मनोऱ्यावर प्लास्टिकची टाकी आणि सौर पट्ट्या असतील तर गडचिरोली किंवा छत्तीसगडच्या बाजूची शक्यता वाढते. रस्त्याकडेला ओळीने मांडलेले निळे पिंप म्हणजे टँकरची वाट पाहणे, आणि हे दृश्य मराठवाड्याइतकेच शहापूर-मोखाड्यातही दिसते. पावसाळ्यात तिथे धो धो पाऊस पडत असूनही.

आता एक फोटो घेऊ. मार्क टू पंप, ओट्यावर पांढरट थर. शेजारी कठडा नसलेली रुंद विहीर, काळा कातळ, बाजूला दगडांचा ढीग आणि मोटेची धाव. मागे सपाट माथ्याच्या, पायऱ्या कापल्यासारख्या टेकड्या. गुरांना पाणी पाजायचा हाळ, आणि दोन बायांच्या डोक्यावर चुंबळ ठेवून स्टीलचे हंडे. काळा कातळ आणि पायऱ्यांच्या टेकड्या एकत्र आल्या म्हणजे ज्वालामुखीच्या थरांचा प्रदेश. बंगाल, कोकणचा जांभा, केरळ आणि वाळवंट बाद. पण इथे घाईने महाराष्ट्र म्हणणे ही नेहमीची चूक. हाच खडक माळव्यात, सौराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकातही आहे. मोट तर माळव्यात आणि सौराष्ट्रातही चाले. हंडा आणि चुंबळही निर्णायक नाहीत.

मग टाकीवरची रंगवलेली अक्षरे बघावीत. शिरोरेघ नसलेली गुजराती असेल तर सौराष्ट्र, गोलसर कन्नड असेल तर कर्नाटक. देवनागरी असेल तर माळवा आणि महाराष्ट्र एवढेच उरतात. तिथे योजनेचे नाव कामी येते. मध्य प्रदेशात ती ‘नल जल योजना’, महाराष्ट्रात ‘नळ पाणी पुरवठा योजना’. पाटीचा बाकी सगळा रंग उडून एकच ‘ळ’ शिल्लक राहिला असला, तरी तेवढ्यावर फोटो महाराष्ट्राचा म्हणता येतो. जिल्हा मात्र त्यातून कळत नाही. काळा कातळ नाशिकपासून सोलापूरपर्यंत एकसारखाच आहे.