पाच नावं, तीन आकडे

सकाळी ५:४०, मुरबाड
रात्रभर पाऊस धरून आहे. बातमीदार उठतो तो फोन हातात घेऊनच. तालुक्यात सगळे त्याला भाऊ म्हणतात. महिन्याचं मानधन तीन हजार, बाकी जाहिरातीच्या कमिशनवर चालतं. फोन काळू नदीच्या काठच्या एका पाड्यावरून आला आहे. काल संध्याकाळी आवणीहून परतणारी माणसं ओढा ओलांडताना वाहून गेली. "किती?" "पाच, भाऊ." तो लगेच वहीत उतरवत नाही. आधी विचारतो, "नावं सांग." पलीकडे गडबड होते. तीन नावं येतात. उरलेल्या दोघांबद्दल उत्तर येतं, "आमच्याच आळीतली हायेत."

सकाळी ६:३०
तहसील कार्यालयाच्या नियंत्रण कक्षाला फोन. दोन बेपत्ता, मृत्यू शून्य. एका वृत्तवाहिनीवर तोवर 'पाच जण वाहून गेले' ही पट्टी फिरू लागली आहे. कोणाच्या हवाल्याने, ते पट्टीत नाही. भाऊ गाडीत दोनशेचं पेट्रोल टाकतो. मोबाइल दुधाच्या पिशवीत गुंडाळून खिशात, वही प्लास्टिकच्या फाइलमध्ये. पावसात बॉलपेनची शाई उतरत नाही, म्हणून शिसपेन्सिल. मागच्या सीटवर मी.

सकाळी ८:१५, पाडा
सरळगाव सोडल्यावर डांबर संपतं. शेवटचा तुकडा चिखलातून पायी. ओढा अजून लाल आहे. काठावर शंभरेक माणसं, पोलीस पाटील, तलाठी, आणि दोर घेतलेली गावातलीच पोरं.

भाऊ तलाठ्याकडे आधी जात नाही. तो घरं मोजतो. ज्या घरातलं माणूस नाही त्या घराच्या ओट्यावर बसतो आणि प्रत्येकासाठी तेच विचारतो: घरचं नाव काय, आधारवरचं काय, वय, शेवटचं कोणी पाहिलं, किती वाजता? नवऱ्याच्या नावानं सांगितलेली बाई आणि माहेरच्या नावानं सांगितलेली बाई एकच निघू शकते. दोन शेजारी एकाच माणसाची खबर दोन नावांनी देतात, तेव्हा दोघंही खरंच बोलत असतात.

तासाभरात यादी तयार होते. पाच नावं. गावाचा आकडा हवेतला नाही, प्रत्येक नावामागे घर आहे. मग तो तलाठ्याकडे वळतो. "भाऊसाहेब, तुमचे दोन कोण?" ज्या दोन घरांनी पोलिसांत तक्रार दिली तेवढेच दोन. बाकीची घरं रात्रभर ओढ्याच्या काठानं शोधत होती. ठाण्यात कोण जाणार?

सकाळी १०:३०
पावसाची सर चुकवायला आम्ही शाळेच्या पडवीत बसतो. वडापाव पंधरा रुपये, चहा दहा. भाऊ इर्शाळवाडीबद्दल बोलतो. २०२३ साली तो स्वतःच्या खर्चाने तिथे गेला होता. खालापूर तालुक्यातली ठाकूर समाजाची वाडी, १९ जुलैच्या रात्री दरड आली. वर जायला गाडीरस्ता नव्हता. यंत्रं चढली नाहीत, माणसांनी हातांनी माती उपसली.

मृतांचा आकडा चढत गेला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी १६, मग २२, मग २७. पण त्याला शिकवलं ते बेपत्तांच्या आकड्याने. तो आधी शंभरावर होता आणि ५७ वर येऊन थांबला. जेवढे मृतदेह निघाले त्यापेक्षा कितीतरी जास्त उतरला. कारण सगळी मोजणी वाडीच्या २२८ लोकसंख्येतून वजाबाकी करून चालली होती, आणि त्यातली काही माणसं त्या रात्री वाडीत नव्हतीच. मुलं आश्रमशाळेत होती, कोणी कामाला, कोणी नातेवाइकांकडे. एकेक जण जिवंत सापडत गेला तशी यादी लहान होत गेली. २३ जुलैला शोध थांबला तेव्हा २७ मृत, ५७ बेपत्ता, १४४ जिवंत. तिन्हींची बेरीज २२८.

"मदत करताना गेलेला अग्निशमनचा माणूस या बेरजेत बसत नाही," भाऊ म्हणतो. तो चढतानाच हृदयविकाराने गेला. "त्याचा मृत्यू खरा, पण तो वाडीचा नाही. वेगळं वाक्य लिहायचं."

दुपारी १२:१०
काठावर ओरड होते. पुलाच्या मोरीत अडकलेली बाई पोरांनी बाहेर काढली. यादीतलं पहिलं नाव. सासऱ्याने ओळख पटवली. भाऊ फोटो काढत नाही. घड्याळ पाहतो आणि वेळ लिहितो.

नियंत्रण कक्ष अजून शून्यच सांगतो. डॉक्टरांनी मृत घोषित केल्यावर, पंचनामा झाल्यावर आकडा हलणार. यात लपवाछपवी नाही. मृताच्या वारसांना आपत्ती निधीतून चार लाख मिळतात आणि ते याच कागदांवर. त्याच कारणाने गावालाही धास्ती आहे, की आज यादीत नाव नाही आलं तर उद्या घराला काहीच नाही. म्हणून एक बाजू आकडा धरून ठेवते, दुसरी एकही नाव सोडायला तयार नसते.

दुपारी २:००
तिसऱ्या नावाचा म्हातारा सरळगावच्या भाच्याकडे सापडला. पाणी पाहून अलीकडेच थांबला होता. फोन भिजून बंद. भाऊ स्वतः त्याच्याशी बोलतो, मगच नावापुढे 'जिवंत' लिहितो. चौथी मुलगी आदल्या दुपारीच माहेरी गेली होती. तिथल्या पोलीस पाटलाला सांगून तो तिला फोनवर बोलावतो. पाचातून तीन उरले.

दुपारी ४:२०, शहापूर
वाहिनीवर आता सहा. भाऊ पट्टीकडे पाहतो आणि शहापूरचा रस्ता धरतो. किन्हवलीमार्गे, पुन्हा शंभरचं पेट्रोल.

सहावा कुठून आला? ओढा काळूला मिळतो आणि पाणी तालुक्याची हद्द पाळत नाही. सकाळी खाली शहापूरच्या बाजूला एक अनोळखी तरुण सापडला होता. अकस्मात मृत्यूची नोंद तिथल्या ठाण्यात झाली, शवविच्छेदन उपजिल्हा रुग्णालयात. मुरबाडच्या कागदावर तो बेपत्ता, शहापूरच्या कागदावर मृत. वाहिनीने दोन्ही मिळवले.

रुग्णालयाच्या दारात भाऊ शवागारात जायचं मागत नाही. पोलिसांना अंगावरचे कपडे विचारतो. निळी पँट, कमरेला काळा करगोटा, डाव्या हातावर गोंदलेलं आईचं नाव. पाड्यावर फोन लावतो तो यादीतल्या तरुणाच्या थोरल्या भावाला, आईला नाही. नाव जुळतं. तरी बातमीत ओळख घालायची नाही, घरची माणसं येऊन पाहीपर्यंत.

रात्री ७:५०
तरुणाचा थोरला भाऊ आणि काका पिकअपने आले. ओळख पटली. तहसीलदारांशी फोन होतो. त्यांच्याकडे अजून एक मृत, दोन बेपत्ता. भाऊ शहापूरच्या ठाण्याचा नोंद क्रमांक वाचून दाखवतो. "पडताळतो," ते म्हणतात. वीस मिनिटांनी त्यांचाच फोन येतो. दोन मृत, एक बेपत्ता.

रात्री ८:३०
बातमी मोबाइलवरच टाइप होते. 'रात्री सव्वाआठपर्यंत तहसीलदारांनी दोन मृत्यूंना दुजोरा दिला. एकाचा शोध सुरू आहे. ग्रामस्थांनी सकाळी पाच जण वाहून गेल्याचे सांगितले होते, त्यापैकी दोघे सुखरूप आढळले.' शेवटची ओळ तो मुद्दाम ठेवतो. ती नसेल तर उद्या वाचणाऱ्याला वाटेल की गावाने खोटं सांगितलं, नाहीतर सरकारने दोघांना गायब केलं.

डेस्कवरून फोन. "बाकी सगळे सहा म्हणतायत, आपलं दोन फार कमी वाटतंय."
"साहेब, सहाव्याचं नाव विचारा त्यांना."
तिकडे थोडा वेळ कोणी बोलत नाही. मग शीर्षक सांगतात: 'दोघांचा मृत्यू, एक बेपत्ता'.

रात्री ९:४०
पेट्रोल तीनशे, खाणं ऐंशी, रिचार्ज एकोणीस. या बातमीचे वेगळे पैसे नाहीत. भाऊ वही चुलीजवळ वाळत घालतो, पहिलं पान वर. उरलेल्या नावाच्या घरचा नंबर त्याने फोनमध्ये वेगळा ठेवला आहे. शोध सकाळी सातला पुन्हा सुरू होणार. साडेसहाला निघायचं ठरतं.