नळ, मोरी आणि शेवटची कुऱ्हाड

'बॅनिश्ड' या गेममध्ये पैसा नाही. २०१४ साली ल्यूक होडोरोव्स्की यांनी एकट्याने तयार केलेल्या या गेममध्ये हद्दपार झालेली काही कुटुंबं रानात वस्ती वसवतात. लाकूड, दगड, लोखंड, धान्य आणि माणसं हीच त्यांची संपत्ती. लोहाराला एका अवजारासाठी एक ओंडका आणि एक भाग लोखंड लागतं. अवजारं झिजतात, आणि ज्याच्या हातात अवजार नाही त्याचं काम मंदावतं. एवढ्या साध्या नियमातून भरभराटीला आलेली वस्ती कशी कोसळते, हे पाहिलं की शहर वसवण्याच्या गेमचं अर्थकारण उलगडू लागतं.

सोयीसाठी गोल आकडे धरू. गावात ४० कामकरी आहेत आणि एक अवजार दोन वर्षं टिकतं, म्हणजे वर्षाला २० अवजारं लागतात. लोहार २४ बनवतो, त्यामुळे कोठारात दरवर्षी चार शिल्लक पडतात. खेळाडू निर्धास्त होऊन एकदम दहा-बारा घरं बांधतो. मुलं जन्मतात, मोठी होतात, कामकरी ६० होतात आणि गरज ३० वर जाते. आता दरवर्षी सहांची तूट. कोठारात १२ अवजारं असतील तर दोन वर्षं कुणाला काही जाणवत नाही. तिसऱ्या वर्षी काहींचे हात रिकामे होतात. लाकूड आणि लोखंड हळू येऊ लागतं, लोहाराकडे कच्चा माल कमी पडतो, म्हणून अवजारं आणखी कमी होतात. शेतीही मागे पडते आणि उपासमार सुरू होते.

तरीही ही वाट पूर्ण बंद होत नाही. बॅनिश्डमध्ये रिकाम्या हातानेही काम होतं, फक्त सावकाश. लोखंड जमिनीवर विखुरलेलंही सापडतं, त्यासाठी खाणच हवी असं नाही. शिवाय नदीतून येणारा व्यापारी मालाच्या बदल्यात माल देतो. समजा, 'अवजाराशिवाय लोखंड नाही' असा कडक नियम असता, तर शेवटची कुऱ्हाड मोडली त्याच दिवशी खेळ संपला असता, कारण लोखंडाला अवजार हवं आणि अवजाराला लोखंड. म्हणून गेम रचताना प्रत्येक साधनाचा साठा शून्यावर आणून पाहावा लागतो. तिथून परत वर येण्याची एक तरी वाट, भले ती कितीही धीमी असो, उघडी आहे का? नसेल, तर ती कोंडी आज ना उद्या एखाद्या खेळाडूला गाठतेच.

दुसरा धोका याच्या उलट आहे. साधनं येतात तो नळ आणि खर्च होतात ती मोरी, अशी कल्पना केली तर कोंडीत नळ आटतो आणि महागाईत मोरी तुंबते. एकट्याने खेळायच्या गेममध्ये भाव सहसा ठरलेले असतात, त्यामुळे ही महागाई दुकानात दिसत नाही. पैशाला मोल उरत नाही, हेच तिचं रूप.

समजा, माणशी महिना १० कर आहे. हजार लोकांच्या गावात १०,००० जमा होतात, ९,००० खर्च होतात आणि २०,००० ची शाळा बांधायला २० महिने थांबावं लागतं. शाळा कुठे बांधायची, यावर खेळाडू खरोखर विचार करतो. शहर २०,००० लोकांचं झालं की जमा दोन लाख. खर्च मात्र दीड लाखच, कारण मोठी वीजकेंद्रं आणि रुग्णालयं माणशी स्वस्त पडतात. महिन्याला ५०,००० उरले, म्हणजे अडीच शाळा. आता विचार कशाला करायचा?

शाळेचा भाव वाढवणं हा सोपा उपाय वाटतो, पण त्याने नव्याने सुरुवात करणाऱ्याचं कंबरडं मोडतं. मोरी शहराबरोबर रुंदावली पाहिजे. 'अ‍ॅनो १८००' मध्ये शेतकऱ्यांना मासे आणि साधे कपडे पुरतात, पण त्यांना कामगारांच्या पायरीवर चढवलं की पाव, सॉसेज, साबणही हवा होतो. त्यामागे नव्या इमारती येतात आणि प्रत्येकीचा देखभालखर्च येतो. उत्पन्न वाढतं तसा खर्चही वाढतो, आणि तो का वाढला हे खेळाडूला समोर दिसतं.

'सिटीज: स्कायलाइन्स २' (२०२३) मध्ये सरकारी अनुदानाचा एक नळ होता, तो तोट्यातल्या शहरालाही सावरून धरायचा. चुकीचा निर्णय अंगाशी येत नाही, अशी खेळाडूंची तक्रार होती. २०२४ च्या मोठ्या अर्थकारण-सुधारणेत ते अनुदानच काढून टाकलं गेलं.

चाचणी घेताना म्हणूनच दोन तारखा टिपाव्यात: साठा घटू लागला ती, आणि खेळाडूला पहिली सूचना मिळाली ती. आपल्या गावात अवजारं संपल्यावर सूचना आली, तर घरं बांधून कितीतरी वर्षं उलटलेली असतात आणि मूळ चूक आठवतही नाही. तीच सूचना १२ अवजारं शिल्लक असताना, 'वर्षाला सहा कमी पडत आहेत' अशा शब्दांत आली, तर दुसरा लोहार बसवायला दोन वर्षं हातात असतात.