वेगाच्या आलेखाखालचं अंतर

गाडी सेकंदाला २० मीटर या एकाच वेगाने ३० सेकंद धावली, तर ती ६०० मीटर गेली, हे सांगायला गुणाकार पुरतो. हाच गुणाकार कागदावर काढून पाहा. आडव्या अक्षावर वेळ, उभ्या अक्षावर वेग. वेग बदलत नसल्याने आलेखाची रेघ आडवी येते आणि तिच्याखाली ३० रुंद, २० उंच असा आयत तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ ६०० म्हणजेच कापलेलं अंतर. वेग उभ्या रेषांच्या उंचीने दाखवायचा आणि अंतर क्षेत्रफळात पाहायचं, ही कल्पना फ्रान्समधल्या निकोल ओरेमने चौदाव्या शतकातच मांडली होती.

अडचण येते ती वेग बदलत असताना. समजा, स्थानकातून सुटलेल्या गाडीचा वेग पहिली ५० सेकंद v = t − t²/100 या सूत्राने वाढतो. इथे t म्हणजे सेकंद आणि v म्हणजे सेकंदाला किती मीटर. सुरुवातीला वेग भराभर वाढतो, मग वाढ मंदावते. दर दहा सेकंदांनी वेग भरतो ०, ९, १६, २१, २४ आणि शेवटी २५, म्हणजे ताशी ९० किलोमीटर. तेवढ्या वेळात गाडी किती पुढे गेली?

गुणायला एकच वेग नाही, म्हणून वेळेचे दहा-दहा सेकंदांचे पाच तुकडे करू. प्रत्येक तुकड्यात गाडी सुरुवातीच्या, म्हणजे कमीत कमी वेगाने गेली असं धरलं, तर १० × (० + ९ + १६ + २१ + २४) = ७०० मीटर. शेवटच्या, म्हणजे जास्तीत जास्त वेगाने गेली असं धरलं, तर १० × (९ + १६ + २१ + २४ + २५) = ९५० मीटर. खरं अंतर या दोहोंच्या मध्ये असणार, याबद्दल शंकाच नाही. आलेखावर पहिली बेरीज वक्राच्या आत मावणाऱ्या पाच आयतांची आहे, दुसरी वक्राच्या थोड्या बाहेर जाणाऱ्या आयतांची.

आता या २५० मीटरच्या फरकाकडे नीट पाहा. मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग हाच वाटतो. आतल्या आणि बाहेरच्या आयतांमधले छोटे तुकडे आडवे सरकवून एकावर एक रचले, तर १० रुंद आणि २५ उंच असा एकच खांब उभा राहतो. म्हणजे फरक = तुकड्याची रुंदी × शेवटचा वेग. न्यूटनने १६८७च्या ‘प्रिन्सिपिया’त अगदी सुरुवातीला हाच युक्तिवाद केला आहे. रुंदी पाच सेकंद केली की फरक १२५ मीटरवर येतो. एक सेकंद केली की २५ मीटर. तेव्हा दोन बेरजा ८२०.७५ आणि ८४५.७५ येतात. रुंदी हवी तेवढी कमी करता येते, म्हणून फरकही हवा तेवढा कमी होतो आणि दोन्ही बेरजांमध्ये एकच संख्या उरते. ती संख्या म्हणजे वक्राखालचं क्षेत्रफळ. तिलाच संकलन म्हणतात.

सूत्र हाताशी असेल तर एवढ्या बेरजा कराव्या लागत नाहीत. ज्याच्या बदलाचा दर t − t²/100 आहे असं सूत्र शोधायचं. ते आहे t²/2 − t³/300. त्यात ५० घातले की १२५० − ४१६.६७, म्हणजे सुमारे ८३३.३३ मीटर. शून्य घातलं तर शून्यच येतं, म्हणून वजा करायला काही उरत नाही.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली, सुरुवातीच्या आणि शेवटच्या वेगाची सरासरी घेऊन १२.५ × ५० = ६२५ म्हणणं. हे उत्तर ७००पेक्षाही कमी आहे, तेव्हा ते चूक असल्याचं लगेच कळतं. ही सरासरी चालते ती वेग सरळ रेषेत वाढत असेल तेव्हा. आपली गाडी १२.५चा वेग पंधराव्या सेकंदातच ओलांडते आणि उरलेला सगळा वेळ त्याहून वेगात असते. दुसरी चूक एककांची. वेग ताशी किलोमीटरमध्ये आणि वेळ सेकंदांत ठेवली, तर उत्तर ३००० येतं. मीटर प्रतिसेकंद गुणिले सेकंद, तेव्हाच मीटर मिळतात.

प्रत्यक्षात गाडीच्या वेगाला सूत्र नसतं, असतात फक्त नोंदी. म्हणून पुढच्या प्रवासात चालकाशेजारी बसलात, तर दर दहा सेकंदांनी स्पीडोमीटरचा आकडा टिपा, त्याला ३.६ने भागा, दहाने गुणा आणि सगळ्यांची बेरीज करा. ती रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहा. बेरीज किंचित जास्त आली तर गोंधळू नका, कारण बऱ्याच गाड्यांचे स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवतात.